नवरा नोकरी सोडून धंदा करतोय, तुम्हाला भीती वाटतेय: ती न लपवता साथ कशी द्यायची

माझ्या नवऱ्याने चाकणच्या एका कंपनीतली १२ वर्षांची नोकरी सोडली आणि लाकडी घाणा टाकला, शेंगदाण्याचं तेल काढायला. मी एका पतसंस्थेत कर्जविभागात आहे, म्हणजे बुडालेले धंदे मी रोज फायलीत बघते, त्यामुळे त्याने पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी तोंडाने "कर की, मी आहे" म्हटलं आणि रात्री तीनपर्यंत जागी होते. ते "मी आहे" खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं पुढे तीन महिने टोमण्यांतून बाहेर पडत राहिलं. कोणी याच वळणावर असेल तर आम्ही काय केलं आणि काय आधी करायला हवं होतं ते सांगते. नवऱ्याच्या जागी बायको असेल तरी हिशोब तोच.

राजीनामा देण्याआधी: घरखर्चाचा खरा आकडा काढा

"कसं होणार आपलं" या भीतीवर समोरचा फक्त "होईल गं सगळं" एवढंच म्हणू शकतो, तिथेच विषय संपतो. म्हणून आधी तिला आकड्यात आणा. आमचं असं होतं: होम लोनचा हप्ता १८,५००, किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून १४,०००, लाईट, पेट्रोल, मोबाईल ७,०००, मुलीची फी महिन्यावर काढली तर ४,०००, आणि सासूबाईंची औषधं ३,५००. एकूण ४७,०००. माझा पगार हातात येतो २६,०००. म्हणजे दर महिन्याला २१,००० कमी, वर्षाचे २ लाख ५२ हजार.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि इथेच फसतात, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च कोणाच्या डोक्यातच नसतात. मेडिक्लेमचा हप्ता, गाडीचा इन्शुरन्स, घरपट्टी, दिवाळी. आमचे ते ४८,००० निघाले. झाले बरोब्बर ३ लाख. त्या रात्री पहिल्यांदा मला झोप लागली, आकडा लहान होता म्हणून नाही, तर तो आकडा होता म्हणून.

मग दुसरी बाजू. बचत ६ लाख होती. ग्रॅच्युइटी बेसिक आणि डीए मिळून जो पगार असतो त्याचे २६ भाग करून १५ भाग, गुणिले नोकरीची वर्षं, अशी निघते. त्याचे २६,००० होते म्हणजे वर्षाला १५,००० आणि १२ वर्षांचे १ लाख ८० हजार. एकूण ७ लाख ८० हजार. पीएफला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्याला नवी मशीन, थ्री फेज मीटर, गाळ्याचं डिपॉझिट असं साडेचार लाखांचं कोटेशन आलं होतं. घरचे ३ लाख बाजूला काढले की हातात उरत होते फक्त ३०,०००, आणि एकदा १०० किलो दाणे आणायचे तर १३,००० लागतात. दोन वेळा माल आणला की पेटी रिकामी.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा तो चिडला नाही, कारण मी "तुला जमेल का" असं विचारलं नव्हतं, मी विचारलं होतं "तिसऱ्या वेळचे दाणे कशाने आणणार?" आठवडाभर फिरून त्याने सेकंडहँड घाणा शोधला, सगळं मिळून ३ लाख ६० हजारांत बसलं आणि मालासाठी १ लाख २० हजार राहिले. माझी भीती मी गिळली असती तर नवी कोरी मशीन आली असती आणि दाण्यांसाठी कर्ज.

पगार चालू असतानाच उरकायच्या गोष्टी

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. नवी पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही (अपघात सोडून), आणि आधीपासूनच्या आजारांना तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनाम्याच्या आधी निदान दोन महिने पॉलिसी घ्या, म्हणजे ते ३० दिवस कंपनीच्या कव्हरमध्येच निघून जातात. आम्ही फेब्रुवारीत घेतली, २४,००० हप्ता, आणि मार्चअखेर त्याचा शेवटचा दिवस होता.

टर्म इन्शुरन्स पण तेव्हाच, पगाराची स्लिप हातात असताना. पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यायची आहे असं सांगा. मग उद्या धंद्याची देणी राहिली तरी ती रक्कम देणेकऱ्यांना नाही, बायकामुलांनाच मिळते. हे नंतर जोडता येत नाही, फॉर्म भरतानाच टिक करावं लागतं.

आणि घरचे ३ लाख वेगळे ठेवा, खरोखर वेगळे. आम्ही दोघांच्या नावावर, दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशा छोट्या छोट्या एफडी केल्या. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नाही हं, रात्री दहाला व्यापारी फोन करतो की उद्या भाव वाढणार, आत्ता पैसे टाका, तेव्हा कोणाचाही हात सैल होतो.

सही मागितली तर

चौथ्या महिन्यात त्याने कॅश क्रेडिटचा फॉर्म आणला आणि म्हणाला जामीनदार म्हणून तुझी सही लागेल. मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात फक्त "जेवायला वाढू?" एवढंच बोलणं होतं.

पण यावर मी ठाम आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी त्याच्या मागे जाईल मग माझ्याकडे येईल असा क्रम कायद्यात नाही. होम लोनमध्ये मी सहकर्जदार आहेच. धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर, प्रोप्रायटरी, म्हणजे धंद्याचं कर्ज हे त्याचंच कर्ज, आणि माझ्या पगारावर पण तेच ओझं टाकलं तर घरात स्वच्छ असं एकही उत्पन्न उरत नाही. मी त्याला म्हटलं, "अरे, माझी सही हवी म्हणजे माझा पगार हवा, आणि तो तर मी आधीच घरात ओतलाय." साथ देणं म्हणजे सही देणं नाही. तुमची काय रेष आहे (दागिने, फ्लॅट, मुलांच्या नावचे पैसे) ती पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा, मागणी आल्यावर ठरवायला बसलात तर ते नकारासारखं लागतं. माझं तेच झालं.

भीती बोलायची वेळ ठरवा

सुरुवातीला मी काय करायचे, तो संध्याकाळी आला, हेल्मेट ठेवलं, हात अजून तेलकट, आणि मी कणीक मळता मळता विचारायचे, "आज किती गेल्या बाटल्या?" माझ्या मते ती चौकशी होती, त्याला ती हजेरी वाटायची. मग तो "ठीक" म्हणायला लागला. रोज ठीक. एक दिवस गाळ्यावर गेले तर कोपऱ्यात २२ बाटल्या परत आलेल्या, तळाशी गाळ बसलेला, कारण तेल नीट निवळू न देताच भरलं होतं. माझ्या कानावर काहीच नव्हतं. मी भीती लपवत होते आणि तो बाटल्या.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार, सकाळी, पाऊण तास, एक दोनशे पानी वही. आधी तो सांगतो, मग मी माझी भीती सांगते, आणि त्यावर त्याने समजूत घालायची नाही, ती वहीत लिहायची आणि पुढे तारीख टाकायची, म्हणजे त्या तारखेला खरं काय झालं ते बघता येतं. मी पण वाक्य नीट करून आणायचं: "धंदा चालेल असं वाटत नाही" हे चालत नाही, "जूनमध्ये फी भरायला पैसे नसतील" हे चालतं. पहिलं त्याच्याबद्दल आहे, दुसरं फीबद्दल. बाकीचे दिवस धंद्यावर मी आपणहून प्रश्न विचारत नाही, फार कठीण जातं, पण नाही विचारत.

आणि प्रश्न बदलला. किती विकलं हे विचारण्यात अर्थ नाही, किती वसूल झालं ते विचारा. दुकानदार माल ठेवून घेतात आणि पैसे महिना दीड महिन्याने देतात, त्यामुळे वहीत विक्री ७०,००० दिसते आणि गल्ल्यात दाण्यांचे पैसे नसतात. १०० किलो दाण्यांतून तेल साधारण ४० किलोच्या आसपास निघतं, उरलेल्या पेंडीचे पैसे मात्र गुरंवाले रोख देतात. आमच्या घाण्याचे पहिले चार महिने खरं तर पेंडीने तारले, असं सासूबाई म्हणतात आणि ते बरोबर आहे.

फुकटची मजुरी

ऑफिसमधून येऊन रात्री अकरापर्यंत लेबल चिकटवायचे, दोन महिने. कोणी सांगितलं नव्हतं, मीच बसायचे, आणि मनात मोजायचे. मदत करायची तर वेळ बांधा. आता शनिवारी दुपारी तीन तास, बाकी लेबलं एक मुलगा येऊन लावतो, त्याचे पैसे धंद्यातून जातात, आणि तसेच जायला हवेत, नाहीतर तेलाचा खरा खर्च कळतच नाही.

नातेवाईकांचं थोडक्यात: लग्नकार्यात "काय म्हणतो घाणा?" विचारणाऱ्याला "चाललाय" एवढंच, दोघांनीही. आईकडे मात्र मी एकदा पोटभर रडले आणि ते त्याला सांगितलं पण.

थांबायची खूण आधी ठरवा

आमची अशी: नऊ महिन्यांनी घाण्याने स्वतःचं भाडं, लाईट, दाणे आणि त्या मुलाचा पगार वसुलीच्या पैशांतून काढायला हवा, घरी एक रुपया नाही आला तरी चालेल. नाही जमलं तर मशीन विकायची आणि त्याने नोकरी बघायची, वाद न घालता. ही खूण राजीनाम्याच्या आधी लिहा, कारण नंतर प्रत्येक महिना "पुढच्या महिन्यात बघू" असा वाटतो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी बसलो. घाणा स्वतःचं काढतोय, आणि ऑक्टोबरपासून घरी महिन्याला ६,००० आले. एफडीत उरलेत १ लाख ५ हजार, त्यातले २४,००० फेब्रुवारीत मेडिक्लेमला जाणार, राहतात ८१,०००. महिन्याला आता १५,००० कमी पडतात म्हणजे मेपर्यंत निघेल, जूनची फी नाही निघत. मी म्हटलं मला जूनची भीती वाटते. त्याने लिहिलं, पुढे तारीख टाकली १ जून, आणि खाली स्वतःच्या अक्षरात: मलाही.