डबा लावावा की घरी रांधावे : हिशोबातील या चुका टाळा

सोलापुरात एकट्याने राहून नोकरी करणाऱ्या माणसाचा हिशोब बहुधा एका ओळीत संपतो. डब्याला महिना 3,200 रुपये, किराणा आणि भाजीला त्याच्या निम्मे, म्हणून घरचे स्वस्त. दोन महिन्यांनी कंटाळून तोच माणूस पुन्हा डबा लावतो आणि आता हिशोब मांडणेच सोडून देतो. दोन्ही वेळा गणित चुकलेले असते, आणि ते ठरावीक जागीच चुकते. जुळे सोलापुरात राहून चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने एक महिना डबा घेऊन आणि पुढचा महिना घरी स्वयंपाक करून दोन्हींची वहीत नोंद ठेवली होती. खालचे आकडे त्याच वहीतले आहेत. तुमच्या भागातले भाव वेगळे असतील, मात्र मांडणी तीच ठेवावी.

महिन्याचे साठ डबे धरणे

दोन वेळचे तीस दिवस म्हणजे साठ डबे, असे धरून 3,200 ला साठने भागले की एक जेवण 53 रुपयांना पडते. प्रत्यक्षात रविवारी रात्री मेस बंद असल्यामुळे चार डबे आधीच वजा झाले. दोनदा शनिवार-रविवार गावी गेल्याने चार डबे वाया गेले, आणि तीन रात्री लग्न, वाढदिवस व उशिराची पाळी यांत गेल्या. खाल्लेली जेवणे उरली 49, म्हणजे एका जेवणाचा खरा भाव 65 रुपये. तुलना करायची असेल तर घरच्या बाजूलाही हीच 49 जेवणे धरावीत. पूर्ण साठ जेवणांचा शिधा एका बाजूला आणि 49 डबे दुसऱ्या बाजूला ठेवले, तर तराजूच वाकडा होतो.

नासाडी दोनदा मोजणे, किंवा मुळीच न मोजणे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शिध्याचा खर्च दोन रीतींनी काढता येतो. एक रीत जेवणामागे किती लागले ते मोजण्याची: दोन भाकरींना साधारण 120 ग्रॅम ज्वारीचे पीठ, 40 ग्रॅम डाळ, तेवढाच तांदूळ, पाव किलोच्या निम्मी भाजी, वर तेल, कांदा, शेंगदाण्याचे कूट आणि मसाला. सहकाऱ्याच्या वहीत हे जेवणामागे 30 रुपये आणि 49 जेवणांचे 1,470 रुपये झाले. दुसरी रीत महिन्याची सगळी बिले बेरजेत घेऊन अखेरीस उरलेला माल वजा करण्याची.

पहिल्या रीतीत फेकलेले अन्न कुठेच येत नाही, म्हणून ते वेगळे मिळवावे लागते. दुसऱ्या रीतीत ते बिलात आधीच बसलेले असते आणि पुन्हा मिळवले तर दोनदा मोजले जाते. घर महाग पडते असे सांगणाऱ्या कित्येक वह्यांत हीच चूक सापडते.

एकट्या माणसाची नासाडी बहुतांशी मंडईच्या मापामुळे होते. मेथीची जुडी एका माणसाला दोन दिवस पुरून उरते, फ्लॉवरचा अर्धा गड्डा मागे पडतो आणि कोथिंबीर तर वापरण्यापेक्षा फेकण्यासाठीच आणली होती की काय असे वाटते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडला की सकाळची आमटी बाहेर राहिल्यास संध्याकाळी आंबलेली असते. वहीत या सगळ्याचे महिन्याला 250 रुपये झाले होते.

डब्यातली चौथी पोळी रोज परत जात असेल, तर तिच्यासाठी वेगळी रक्कम मांडू नये, कारण तिचे पैसे 65 रुपयांत आलेले आहेत. उलट डब्यातली भाजी पुरत नाही म्हणून दही किंवा केळी विकत घ्यावी लागत असतील, तर ती अवश्य मिळवावीत.

गॅसचे संपूर्ण सिलिंडर एका महिन्यावर टाकणे

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. दिवसातून एकदाच दोन्ही वेळचा स्वयंपाक करणाऱ्याला रोज सुमारे 100 ग्रॅम गॅस लागतो असे धरले, तर पंचवीस दिवसांत अडीच किलो होतो आणि किलोला साठ रुपये धरल्यास खर्च 150 रुपये. गॅस परवडत नाही म्हणून डबा लावला, असे म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

मग सिलिंडर इतके लवकर का संपते? बहुतेक वेळा उत्तर आंघोळीच्या पाण्यात असते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण 45 ग्रॅम गॅस जातो, म्हणजे दिवसाच्या स्वयंपाकाच्या जवळजवळ निम्मा. हे पाणी आणि सकाळचा चहा डबा लावल्यावरही तापवायचेच असतात, म्हणून ते तुलनेत धरू नयेत. खात्री करायची असेल तर सिलिंडरवर लिहिलेले रिकामे वजन पाहावे, आणि महिन्याच्या आरंभी व अखेरीस सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून त्यातला गॅस काढावा.

वेळेला पगाराचा भाव लावणे

बाजारहाट दहा मिनिटे, स्वयंपाक पाऊण तास, भांडी वीस मिनिटे, असे रोज सव्वा तास धरले तर पंचवीस दिवसांचे 31 तास होतात. डब्यालाही वेळ लागतोच. तो घेणे, जेवण गरम करणे आणि डबा धुऊन परत ठेवणे यांत महिन्याला चार तास जातात. फरक 27 तासांचा राहतो.

पंचवीस हजार पगाराचा माणूस लगेच तासाचे 120 रुपये लावतो आणि घरचा स्वयंपाक तोट्यात दाखवतो. परंतु संध्याकाळचा मोकळा तास कंपनी विकत घेणार नसेल, तर त्याचा भाव 120 नाही. जादा कामाचे पैसे खरोखर मिळत असतील, तरच हा भाव लावावा.

हिशोब उलटा मांडला तर सोपा होतो. घरचा खर्च 1,470, 150 आणि 250 मिळून 1,870 रुपये. डब्यापेक्षा तो 1,330 रुपयांनी कमी आहे. या रकमेला 27 ने भागले की 49 रुपये येतात. डबा घेणारा माणूस आपला एक तास 49 रुपयांना परत विकत घेत असतो. तेवढ्यात तो घेण्याजोगा वाटतो का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पाळी, प्रवास आणि पाणी कोणत्या दिवशी येते यावर प्रत्येकाचे वेगळे असू शकते.

सोलापूरकराला मधला रस्ताही आहे. आठवड्यातले तीन दिवस भाकरी न थापता कडक भाकरी विकत आणली, तर रोजची वीस मिनिटे, म्हणजे बारा दिवसांचे चार तास वाचतात. त्या दिवसांच्या 48 भाकरी घरच्यापेक्षा चार रुपयांनी महाग धरल्या, तर 192 रुपये जास्त लागतात आणि तास 48 रुपयांना पडतो, म्हणजे डब्याच्याच भावाने. फरक असा की कोणत्या दिवशी वेळ विकत घ्यायचा हे आपण ठरवतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्ही टिकाऊ असल्याने नासाडीही होत नाही.

खाड्याची अट न विचारणे

डबा ठरवताना लोक भाजीची चव विचारतात, पण खाड्याचे नियम विचारत नाहीत. किती वेळ आधी कळवावे लागते, एका वेळचा खाडा धरतात की सलग तीन दिवसांचाच, आणि पैसे परत मिळतात की डबे पुढच्या महिन्यात वाढवून देतात, हे आगाऊ पैसे देण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. वरच्या उदाहरणात गावचे चार आणि इतर तीन असे सातही खाडे मान्य झाले असते, तर 3,200 ला मेसच्या 56 डब्यांनी भागून येणाऱ्या 57 रुपयांप्रमाणे सुमारे 400 रुपये सुटले असते, फरक 930 वर आला असता आणि तोच तास 49 ऐवजी 34 रुपयांना पडला असता. सहकाऱ्याच्या मेसमध्ये सलग तीन दिवसांखालील खाडा धरत नव्हते. हे त्याला पहिल्यांदा गावाहून परतल्यावर कळले.