कोटेशनमधले तास एकदा भागून बघा

पुण्याहून गणपतीपुळ्याला ग्रुपची बस ठरवताय? कोटेशनमध्ये ‘३३० किमी, ६ तास’ असं लिहिलेलं असेल, तर भागाकार करा: ताशी ५५. कारला जमेल, पण आंबा घाटातून जाणाऱ्या मोठ्या बसला ४० धरा. म्हणजे सव्वाआठ तास नुसतं ड्रायव्हिंग, चहा-जेवण वेगळं. पहाटे सहाला निघालात तरी पोचायला चार वाजणार, मग त्याच दिवशीचं ‘दुपारी स्थलदर्शन’ कागदावरच राहतं. शिवाय कायदा चालकाला साधारणपणे दिवसाला आठ तासच काम सांगतो. तेव्हा दुसरा ड्रायव्हर किंवा कोल्हापूरला मुक्काम, यातलं एक लेखी घ्या. आणि मुक्कामापुढे ‘गणपतीपुळे परिसर’ नको, हॉटेलचं नाव हवं. परिसरात रत्नागिरीही बसवतात!