वेटेड ब्लँकेट घेताय? आधी या चुका टाळा

आजीची जुनी वाकळ अंगावर घेतली की झोप छान लागायची, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. वेटेड ब्लँकेट त्याच जातीचं, फक्त त्यात काचेचे बारीक मणी छोट्या-छोट्या चौकोनी कप्प्यांत शिवलेले असतात, म्हणजे वजन अंगभर सारखं बसतं. काहींना हा सगळीकडून येणारा दाब खरंच शांत करतो. रात्री डोकं चालूच राहणारे, अंथरुणात चुळबुळ करणारे, चिंतेचा किंवा एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही असा त्रास असलेले प्रौढ हे जास्त सांगतात. स्वीडनमध्ये 2020 साली नैराश्य, चिंता, एडीएचडी असे आजार आणि सोबत निद्रानाश असलेल्या 120 जणांवर चार आठवड्यांचा अभ्यास झाला. जड ब्लँकेटवाल्यांची झोप हलक्या ब्लँकेटवाल्यांपेक्षा बरीच सुधारली. पण ब्लँकेट जड की हलकं हे अंगावर घेतल्यावर लपत नाही आणि झोप लागेल या अपेक्षेनेही फरक पडू शकतो, त्यामुळे हा निकाल थोडा सावधपणेच घ्यावा. आणि बंद जागेत ज्यांचा जीव घुसमटतो, त्यांना हे ब्लँकेट उलट नकोसं होतं.

दोघांत एकच घेणं

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. राजारामपुरीतल्या आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने डबल बेडच्या मापाचं 9 किलोचं ब्लँकेट मागवलं. वहिनींचं वजन 54 किलो, दादांचं 82. पैसे वाचले, असा हिशोब. चार दिवसांत वहिनी म्हणाल्या, "अंगावर पोतं टाकल्यागत वाटतंय बघा, कूस बदलायला येईना." दादांना मात्र काहीच जाणवत नव्हतं. कारण साधं आहे. दादा कुशीवर वळले की ब्लँकेट ओढलं जाऊन त्यांच्या बाजूचा काठ गादीखाली लोंबायचा, आणि मधला ताणलेला भाग वहिनींच्या खांद्यावर, कमरेवर बसायचा. सकाळी खांदे आणि कंबर अवघडलेली.

वजनाचा प्रचलित अंदाज म्हणजे आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के. हा काही वैद्यकीय नियम नाही, सुरुवात करायची जागा आहे. वहिनींचा आकडा 5.4 किलो येतो. बाजारात 5 आणि 7 मिळत असेल तर 5 च घ्यावं, पहिल्यांदा खालच्या बाजूलाच राहावं. माप एका माणसाचं हवं, खांद्यापासून पायापर्यंत पुरेल पण गादीच्या कडेवरून लोंबणार नाही असं. वहिनींनी तसं वेगळं घेतलं आणि आता त्यांची तक्रार नाही.

वजन जास्त झालंय हे ओळखायचं कसं? उताणं झोपा आणि एका हाताने ब्लँकेट बाजूला सारून बघा. सहज सरकलं नाही तर ते तुमच्यासाठी जड आहे. ज्यांना स्वतःहून ते काढता येणार नाही, म्हणजे थकलेली म्हातारी माणसं, आजारी माणसं, लहान मुलं, त्यांच्यावर ते घालूच नये. तोंडावर, गळ्यावर तर कुणीच घेऊ नये.

दादांनी स्वतःसाठी वेगळं मागवायचं ठरवलं, तेव्हा मात्र आम्ही थांबवलं. ते जोरात घोरतात आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, हे वहिनींनीच सांगितलं. असा स्लीप अ‍ॅप्निआचा संशय असेल, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टर, मग ब्लँकेट. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तरीही विचारून घ्यावं, कारण दाब आणि उष्णता वेळेवर कळत नाही.

उकाड्याचा विचार न करणं

दुकानात हात फिरवायला मऊ लागणारं, लोकरीसारखं पॉलिस्टरचं कापड डिसेंबरात गोड वाटतं. एप्रिलात तेच घाम काढतं. गरम होतं ते मुख्यतः मण्यांमुळे नाही, तर आतल्या कापसासारख्या पॉलिस्टरच्या थरामुळे आणि वरच्या कापडामुळे. रात्री दोन-तीनला मान ओली होऊन जाग येत असेल, एक पाय नकळत बाहेर निघत असेल, तर झोप ब्लँकेटच मोडतंय. वर सुती खोळ घाला आणि ते कमरेखालीच घ्या. एप्रिल-मे मध्ये तर रात्रभर नकोच. झोपायच्या आधी पंख्याखाली बसून वीस मिनिटं मांडीवर घ्यावं आणि काढून ठेवावं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. लाईट जाते तेव्हा आठवेल.

आख्खं ब्लँकेट मशीनमध्ये टाकणं

मशीनवर लिहिलेले 7 किलो कोरड्या कपड्यांचे असतात. 5 किलोचं ब्लँकेट त्या आकड्यात बसलं, तरी ओलं झालं की त्याचा गोळा एका बाजूला बसतो, ड्रमचा तोल जातो आणि त्यावर भार येतो. धुवायची ती खोळ. ब्लँकेट धुवावंच लागलं तर लेबल बघून, मार्च-एप्रिलच्या उन्हात. जुलैत आपल्याकडे रुमाल वाळत नाही, तिथे हे काय वाळणार, आतून कुबट वास धरतं. दोरीवर टाकू नका, ओलं वजन लोंबून कप्प्यांची शिवण उसवते आणि मणी एका कोपऱ्यात जमतात. गच्चीवर चादर पसरून त्यावर आडवं टाका आणि दुपारी एकदा उलटा.