पालीतल्या जोडाक्षरांमागचा संस्कृत शब्द कसा शोधावा

महाराष्ट्रात बुद्धवंदनेच्या वेळी म्हटली जाणारी ही गाथा अनेकांना पाठ असते:

सब्बे सत्ता सुखी होन्तु, सब्बे होन्तु च खेमिनो।
सब्बे भद्राणि पस्सन्तु, मा किञ्चि दुक्खमागमा॥

हिच्यातले निम्मे शब्द संस्कृताच्या ओळखीने उलगडतात. वेगवेगळी दोन व्यंजने जोडून आली की पालीत बहुधा दुबळे व्यंजन बलवानाचे रूप घेते आणि जोडी एकसारखी होते. धर्म → धम्म, सप्त → सत्त, अग्नि → अग्गि. सर्वांत दुबळा र. त्याच्यापेक्षा य, व, ल थोडे बळकट, त्यांच्यावर म-न सारखी अनुनासिके आणि सर्वांत वर क, ग, त, द, प सारखी व्यंजने. दोन्ही तुल्यबळ असतील तर दुसरे टिकते, म्हणून ‘सप्त’मधला प गेला.

आता उलट्या दिशेने जाऊ.

१. जोडी खरोखर बदललेली आहे का ते पाहा. चित्त, बुद्ध, उत्तम हे शब्द संस्कृतातही असेच आहेत. त्यांत हरवलेले व्यंजन शोधू नका. ‘किञ्चि’मधला ञ्च सुद्धा मूळचाच, कारण अनुनासिक आपल्याच वर्गातल्या व्यंजनाआधी आले तर सहसा तसेच राहते. तिथे गेला आहे तो फक्त ‘किञ्चित्’चा शेवटचा त्, पालीत शब्दान्ती असे व्यंजन टिकत नाही.

२. आधी र घालून पाहा. तो सर्वांत जास्त वेळा हरवतो, कधी पुढून, कधी मागून: कम्म ← कर्म, पुत्त ← पुत्र. ‘सब्ब’ला हाच उपाय लागतो, फक्त एक जास्तीची पायरी आहे. ‘सर्व’चे आधी ‘सव्व’ होते आणि पालीत व्व चा ब्ब होतो. ‘निब्बान’मागे ‘निर्वाण’ आहे तोही असाच.

३. महाप्राण दिसला तर श, ष, स चा संशय घ्या. ऊष्म वर्ण स्वतः नाहीसा होतो, पण शेजाऱ्याला ह-कार देऊन जातो: हस्त → हत्थ, अष्ट → अट्ठ, अक्षि → अक्खि. ‘दुक्ख’मध्ये मात्र ख मूळचाच आहे, विसर्गाच्या जागी क आला. जोडीत ह-कार नेहमी दुसऱ्या अक्षरावर असतो. ‘ख्ख’ किंवा ‘ध्ध’ दिसले तर ती छपाईची चूक समजा.

४. च्च, ज्ज, ज्झ दिसले तर त, द, ध ला य जोडून पाहा. सच्च ← सत्य, अज्ज ← अद्य, मज्झ ← मध्य. इथे दोन्ही व्यंजने एकमेकांना ओढतात आणि उच्चार तालूकडे सरकतो.

५. स्वर पुन्हा लांबवून पाहा. जोडाक्षराआधी पालीत दीर्घ स्वर सहसा ऱ्हस्व होतो: मग्ग ← मार्ग, सुत्त ← सूत्र. कधी उलटे घडते, म्हणजे स्वर दीर्घ राहतो आणि जोडी मोडते, जसे दीर्घ → दीघ.

शब्दाच्या सुरुवातीला जोडी राहत नाही, म्हणून तिथे फसायला होते. ‘खेमिनो’चा ख हा क्ष आहे (क्षेम), ‘पमाद’चा प हा प्र. पण पुढे उपसर्ग लागला की लपलेली जोडी बाहेर येते: ‘अप्पमाद’. असे रूप सापडले की तर्काला पुरावाच मिळतो.

खरी अडचण एकाच रूपामागे अनेक मुळे असण्याची. ‘सत्त’ म्हणजे सप्त, सत्त्व की सक्त? ‘सत्त बोज्झङ्गा’ मध्ये पुढे नाम आहे आणि बोधीची अंगे सात आहेत, म्हणून सप्त. आपल्या गाथेत ‘सत्ता’ कर्ता आहे आणि ‘सुखी होन्तु’ ही इच्छा त्यांच्यासाठी आहे, म्हणून सत्त्व, म्हणजे प्राणी. ‘पस्सन्तु’चा स्स श्य, स्य, स्व यांपैकी कशातूनही येऊ शकतो, कारण पालीत श, ष, स तिन्हींचा स होतो. वाक्याला ‘पाहोत’ हा अर्थ हवा, म्हणून पश्यन्तु. ध्वनिनियम उमेदवार सुचवतो. निवड अर्थ आणि व्याकरण करतात.

मराठीचाही आधार घेता येतो. पाली ही मराठीची थेट आई नव्हे, पण प्राकृतातही जोड्या अशाच झाल्या आणि मराठीत येताना एक व्यंजन गळून आधीचा स्वर लांबला: हत्थ–हात, सत्त–सात, अज्ज–आज, दुद्ध–दूध. म्हणून अनोळखी पाली शब्दातली जोडी मोडून स्वर ताणून पाहा. ‘भत्त’चा ‘भात’ होतो आणि मागे ‘भक्त’ सापडतो, ज्याचा संस्कृतात एक अर्थ अन्न असाही आहे.

काही शब्द या चालीत बसत नाहीत. ‘रतन’ (रत्न) आणि ‘भरिया’ (भार्या) यांत जोडी टाळण्यासाठी मधे स्वर घुसला आहे. ‘होन्तु’ हे ‘भवन्तु’चे आक्रसलेले रूप, त्यात जोडीचा संबंधच नाही. आणि ‘भद्राणि’मध्ये द्र तसाच राहिला आहे, पालीत ‘भद्द’ आणि ‘भद्र’ दोन्ही चालतात.