ट्रेनिंग व्हिडिओचं मराठी बोलणं क्लिकच्या मागे पडतं तेव्हा

इंग्रजी स्क्रिप्ट ओळीला ओळ लावून मराठीत आणली, की क्रियापद शेवटी जातं. स्क्रीनवर बटण दाबून होतं आणि निवेदक अजून ‘आपल्या व्यवस्थापकांकडे रजेचा अर्ज पाठविण्यासाठी...’ म्हणत असतो. नवा माणूस गोंधळतो.

१. व्हिडिओ म्यूट करून लावा आणि शेजारच्या सहकाऱ्याला दाखवताना जसं बोलाल तसं बोला. फोनवर रेकॉर्ड करा.

२. त्यावरूनच स्क्रिप्ट लिहा. एका वाक्यात एकच कृती, आणि ते वाक्य क्लिकच्या आधी संपलं पाहिजे: ‘तारखा भरल्या? आता खाली Submit दाबा. अर्ज तुमच्या मॅनेजरकडे जातो.’ कारण किंवा परिणाम क्लिकनंतर सांगा. तिथे बहुतेक वेळा स्क्रीन लोड व्हायला दोन क्षण जातातच. बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवा, ‘सादर करा’ शोधत कोणी बसायला नको.

३. व्हिडिओसोबत मोठ्याने वाचा. ओळ पुढच्या दृश्यात घुसली तर शब्द कापा, बोलण्याचा वेग वाढवू नका. ‘कृपया’, ‘सदर’, ‘याठिकाणी’ खुशाल उडवा.

मात्र सुरक्षा आणि नियमांच्या ओळींत ही कात्री जपून. ‘लेखी परवानगीशिवाय’मधला ‘लेखी’ गेला तर नियमच बदलतो. त्या ओळी एचआरला दाखवून मगच रेकॉर्ड करा.