क्रीडादिनाचं स्वागताचं भाषण: माईकसमोर जायच्या आधी काय काय हाताशी हवं

फक्की, चेस्ट नंबर, मेडलं, पोती, लिंबं, चमचे ह्या सगळ्याची यादी आपण पीटीवाले महिनाभर आधी करतो. भाषणाची मात्र कोणीच करत नाही, मग सकाळी आठ वाजता हेडसर म्हणतात मॅडम दोन शब्द बोला, आणि आपण शिट्टी गळ्यात तशीच ठेवून माईक धरतो आणि दोन शब्दांची बारा मिनिटं होतात. माझी झालीयत म्हणून सांगतेय.

तर पहिलं म्हणजे घड्याळ. संचलन करून आलेली मुलं मैदानात रांगेत उभी असतात, ऊन चढायला लागलेलं असतं, आणि अर्ध्या मुलांनी गडबडीत नाश्ता केलेला नसतो. एकाच जागी सावधानमध्ये ताठ उभं राहिलं की पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायातच रेंगाळतं, डोक्याकडे कमी जातं आणि पोरगं धाडकन पडतं. माझ्याकडे एका वर्षी स्वागत, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार एवढं होईपर्यंत तीन मुली खाली बसवाव्या लागल्या, तिघी मधल्या रांगेतल्या, म्हणजे आम्हाला स्टेजवरून दिसल्यासुद्धा नाहीत. तेव्हापासून माझ्या भाषणाच्या कागदावर पहिला शब्द ‘आदरणीय’ नसतो, तिथे लिहिलेलं असतं ‘विश्राम, बसवा’. मुलांना खाली बसवूनच बोलायचं. ड्रेस खराब होईल म्हणून कोणी नको म्हटलं तर निदान आरामसे द्यायचं, टाचा वरखाली करायला सांगायचं, आणि प्रत्येक हाऊसच्या मागे एक शिक्षक उभा करायचा. त्याला आधी सांगून ठेवायचं की पोर पांढरं पडलं, सारखं जांभया द्यायला लागलं, डुलायला लागलं तर पडायची वाट बघू नका, सावलीत नेऊन आडवं करा, पाय उंच ठेवा आणि भोवती गर्दी करू नका.

म्हणजे भाषण तीन मिनिटांचं. आता तीन मिनिटं म्हणजे किती ते घरी मोजून बघायचं, अंदाजावर जायचं नाही. वर्गात मी मिनिटाला सव्वाशे शब्द सहज बोलते पण मैदानात तेवढं चालत नाही, तिथे नव्वद-शंभर. म्हणून कागदावर फार तर पावणेतीनशे शब्द, कारण टाळ्यांना पण वेळ लागतो. मोबाईलवर टायमर लावून उभं राहून मोठ्याने वाचायचं, बसून मनात वाचलं तर ते हमखास दीड मिनिटात संपतं आणि आपण खुश होऊन अजून दोन परिच्छेद वाढवतो.

मैदानात हळू का, तर भोंग्यांमुळे. मंडपवाला एक भोंगा स्टेजपाशी लावतो आणि दुसरा पार पलीकडच्या गोलपोस्टजवळ. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, मग सत्तर मीटरवरच्या भोंग्यातला शब्द स्टेजजवळच्या पालकांना एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे तुमच्या पुढच्या शब्दावर मागचा शब्द येऊन बसतो. लांबलचक वाक्य असेल तर सगळा गोंगाट. आदल्या संध्याकाळी मंडपवाल्या दादांना सांगून दोन्ही भोंगे स्टेजच्याच बाजूला, बाहेर तोंड करून लावून घ्यायचे. ते कुरकुर करतात पण ऐकतात. तरी वाक्य छोटं ठेवायचं आणि पूर्णविरामाला मनात ‘एक’ म्हणायचं. आणि साऊंड सुरू असताना कोणालातरी शेवटच्या रांगेच्या जागी उभं करून यायचं. ‘हॅलो हॅलो माईक टेस्टिंग’ सगळ्यांनाच समजतं, त्यावरून काही कळत नाही. त्याला भाषणातलं एक खरं वाक्य ऐकवायचं आणि परत बोलून दाखव म्हणायचं.

मग नावं. सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथेच होतात. माझा नियम असा की नाव घेऊन स्वागत फक्त चौघांचं, प्रमुख पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष, हेडसर आणि पालक-शिक्षक संघाचे जे कोणी असतील ते. पाचवं नाव घेतलं की सहावा का नाही हा प्रश्न येतोच. बाकी सगळे गटाने, विश्वस्त मंडळ, शिक्षक, पालक. एक अपवाद मी करते, ज्या शिपाईमामांनी पहाटे पाचला येऊन लेन मारल्या त्यांचा उल्लेख करतेच, आणि मुलांच्या सगळ्यात जोरात टाळ्या तिथेच पडतात हे दरवर्षीचं आहे. पाहुण्यांचं नाव, आडनाव आणि पद आदल्या रात्री त्यांच्याच माणसाला फोन करून विचारून घ्यायचं, मागच्या वर्षीच्या पत्रिकेवरून उतरवायचं नाही, मधल्या काळात पद बदललेलं असतं आणि ‘माजी’ हा शब्द राहिला किंवा उगाच लागला तर चहापर्यंत चेहरा उतरलेला असतो. पाहुणे उशिरा येणार असतील तर काय म्हणायचं ते एक वाक्यही लिहून ठेवायचं.

आणि एक वाक्य कागदावर मुद्दाम लिहायचं नाही, ‘स्पर्धा सुरू झाल्या असं जाहीर करते’. ते पाहुण्यांचं. मी एकदा जोशात म्हणून टाकलं, पोरांनी फुगे सोडले, आणि पाहुणे बिचारे त्या एकाच वाक्यासाठी तालुक्याहून आले होते.

आता आतला मजकूर. एकच गोष्ट सांगायची. आमचा क्रीडादिन जानेवारीत असतो आणि १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आपल्याकडे तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, म्हणून मी तीच घेते. पण ‘हेलसिंकी, १९५२, ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ एवढं सांगून थांबायचं नाही, ते मुलांना जीकेच्या पुस्तकात मिळतं. मी त्याच्या आधीचं सांगते, १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते. कारण समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा नंबर आज सहावाच येणार आहे किंवा सोळावा. पोराला ते लागू पडतं. दुसरी गोष्ट, तिसरा खेळाडू, मधे सुविचार असं काही घालायचं नाही.

पालकांसाठीच्या सूचना मात्र भाषणातच हव्यात, नंतर अनाउन्समेंट करू म्हटलं की कोणी ऐकत नाही. पण तीनच. सगळ्यात महत्त्वाची फिनिश लाईनची. शंभर मीटर पळून आलेलं मूल रेषेवर थांबू शकत नाही, त्याला वेग मोडायला पुढे दहा-पंधरा मीटर मोकळी जागा लागते, आणि नेमके तिथेच आईबाबा मोबाईल घेऊन उभे. एका वर्षी एक मुलगी पहिली येत होती, बाबा समोर दिसले म्हणून रेषेच्या तीन पावलं आधीच तिने वेग कमी केला आणि तिसरी आली, वर घरी जाताना बाबाच आम्हाला विचारत होते की असं कसं झालं. ‘मैदानात येऊ नये’ असं म्हटलं तर कोणी हलत नाही. कुठे उभं राहायचं ते दाखवायचं, म्हणजे ‘फोटोसाठी डावीकडे पिवळ्या दोरीमागे या, तिथून चेहरा समोरून मिळतो’. लगेच जातात. दुसरी सूचना गोळाफेकीच्या बाजूने कोणी शॉर्टकट मारायचा नाही, तिसरी मुलं सुटायची वेळ. पाणी, पार्किंग, टॉयलेट ह्याचे बोर्ड लावा, बोलू नका.

ह्या वर्षीचं माझं असं लिहून झालंय, शाळा मराठी माध्यमाची, चार हाऊस, मुलं सहाशेच्या आसपास:

‘विश्राम. सगळ्यांनी जागेवर खाली बसा. (मुलं बसेपर्यंत गप्प राहायचं.) प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, हेडसर, संघाच्या ताई (इथे नावं), सगळे पालक आणि माझ्या शिवनेरी, रायगड, सिंहगड, प्रतापगडच्या मुलांनो, तुमचं स्वागत. हे मैदान आज पहाटे पाचला आपल्या मामांनी आखलं. त्यांच्यासाठी टाळ्या. (थांबायचं.) मुलांनो, १९४८ साली कराडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान लंडनला ऑलिंपिकला गेला. सहावा आला. परत आला, पुन्हा तालीम केली. चार वर्षांनी हेलसिंकीला गेला आणि ब्राँझ घेऊन आला. त्यांचं नाव? (मुलं ओरडतील.) खाशाबा जाधव. आज जो सहावा येईल त्याने मला सोमवारी पीटीच्या तासाला येऊन भेटायचं, पुढच्या वर्षीची तयारी आपण तेव्हाच सुरू करू. पालकहो, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. फोटो डावीकडच्या पिवळ्या दोरीमागून काढा. गोळाफेकीकडून चालत जाऊ नका, मागच्या गेटने फिरून या. मुलं साडेबाराला वर्गशिक्षकांकडूनच ताब्यात घ्या. आता मशाल येईल, शपथ होईल आणि मग आपले पाहुणे स्पर्धा सुरू करतील. मुलांनो, उठा. सावधान.’

हे सव्वाशेच्या आसपास शब्द झाले. नावं, टाळ्या, ओरडा आणि मुलांचं बसणं-उठणं धरून तीन मिनिटं होतात, घरी तीनदा बघितलं. सोमवारचं वाक्य म्हणायचं असेल तर सोमवारी खरंच मोकळं असावं लागतं, गेल्या वर्षी अकरा पोरं आली आणि मी मीटिंगला होते, ते अजून आठवण करून देतात.

राहिलं किरकोळ सामान. ए फोरचा कागद वाऱ्यावर फडफडतो आणि माईकमध्ये ते पाऊस पडल्यासारखं वाजतं, म्हणून लग्नपत्रिकेसारखं जाड कार्ड, हाताने मोठ्या अक्षरात, एका बाजूलाच लिहिलेलं. दोन कार्डं पुरतात, वर नंबर टाकायचा. मोबाईलवर बघून वाचायचं नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही. शिट्टी गळ्यातून काढून खिशात, नाहीतर माईकवर टकटक वाजत राहते. माईक तोंडापासून एक मूठ लांब, वारा असेल तर त्यावर फोमची टोपी, आणि भोंग्यासमोर माईक घेऊन जायचं नाही, कुईं होतं. लाईट जायची शक्यता गृहीत धरायची, स्काऊटचा मेगाफोन चार्ज करून स्टेजखाली ठेवायचा. घोटभर पाणी आधी प्यायचं, बोलताना नाही.

‘सावधान’ म्हटलं की माईक लगेच सूत्रसंचालकाच्या हातात द्यायचा, खिशातली शिट्टी परत गळ्यात घालायची आणि मशाल घेऊन येणाऱ्या मुलांकडे चालायला लागायचं, कारण वाऱ्याने ती तिसऱ्या वळणावर विझते आणि काडेपेटी आपल्याकडेच असते.