मार्केट डेप्थमधली मोठी ऑर्डर कशी तपासावी

जळगाव-भुसावळकडच्या शेअर बाजारातल्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येते: “भाऊ, खाली चाळीस हजारांचा खरेदीदार बसला आहे, आता भाव पडत नाही.” अशा खरेदीदारावर विश्वास ठेवून पैसे लावण्याआधी तो खरोखर घेतो आहे का, हे स्क्रीनवरच बऱ्यापैकी तपासता येते. ते कसे, ते एका काल्पनिक शेअरवर पाहू.

ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये शेअरवर टिचकी मारून डेप्थ, म्हणजे सौद्याची वाट पाहणाऱ्या ऑर्डरींची यादी, उघडा. डावीकडे खरेदीचे सर्वांत चढे पाच भाव असतात, उजवीकडे विक्रीचे सर्वांत कमी पाच. प्रत्येक भावासमोर दोन आकडे दिसतात, ऑर्डरींची संख्या आणि एकूण शेअर. समजा खरेदीची बाजू अशी आहे:

३१२.०० – ४ ऑर्डर – १८० शेअर
३११.९५ – ६ ऑर्डर – २४० शेअर
३११.९० – ३ ऑर्डर – १५० शेअर
३११.८५ – १ ऑर्डर – ४०,००० शेअर
३११.८० – ७ ऑर्डर – ३१० शेअर

विक्रीत ३१२.१० ला २२० आणि ३१२.१५ ला ४०० शेअर आहेत. तुम्ही आत्ता ६०० शेअर मार्केट ऑर्डरने घेतले, तर २२० पहिल्या भावाला आणि उरलेले ३८० दुसऱ्या भावाला मिळतील, म्हणजे सरासरी साधारण ३१२.१३. डेप्थचा सर्वांत भरवशाचा उपयोग हाच आहे: आपली ऑर्डर कितीला पडेल, ते आधी कळते.

आता त्या ४०,००० कडे वळू. आधी ऑर्डरींची संख्या बघा. इथे ती एक आहे, म्हणजे हा सगळा माल एकाच्या हातात आहे आणि एका क्लिकने नाहीसा होऊ शकतो. हेच ४०,००० शेअर दीडशे ऑर्डरींत विभागलेले असते, तर ते एकदम उठून गेले नसते. मग दिवसाचा व्हॉल्यूम बघा. सकाळपासून सव्वा लाख शेअरची उलाढाल झाली असेल, तर ही ऑर्डर त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे आणि तिच्याकडे लक्ष ठेवण्यासारखे आहे. व्हॉल्यूम पन्नास लाखांचा असेल, तर तिला फारसे महत्त्व देऊ नका.

खरी परीक्षा भाव ३११.८५ ला टेकतो तेव्हा होते. त्या वेळी व्हॉल्यूम कागदावर टिपून ठेवा आणि दोन्ही आकडे सोबत पाहा. ऑर्डर ४०,००० वरून ३१,००० वर आली आणि व्हॉल्यूमही साधारण ९,००० नेच वाढला, तर सौदे झाले आहेत, तिथे खरोखर कोणीतरी माल घेतो आहे. ४०,००० गायब झाले आणि व्हॉल्यूम जेमतेम ५०० ने वाढला, तर ऑर्डर मागे घेतली गेली. भाव जवळ आला की तीच ऑर्डर ३११.७० ला, मग ३११.५५ ला सरकत असेल, तर तिला माल घ्यायचाच नाही असे समजून चाला.

बाजार समितीच्या लिलावात व्यापाऱ्याने बोललेला भाव चार लोकांसमोर त्याच्या अंगावर असतो. स्क्रीनवरची ऑर्डर मात्र सौदा होईपर्यंत कधीही रद्द करता येते. दिखाव्यासाठी मोठ्या ऑर्डरी लावून काढून घेण्याला स्पूफिंग म्हणतात आणि तो फसवणुकीचा प्रकार आहे. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने अशाच एका प्रकरणात अंतरिम आदेश काढला होता. पण रद्द झालेली प्रत्येक ऑर्डर लबाडीची नसते. दोन बाजारांतल्या भावफरकावर काम करणारे आपल्या ऑर्डरी सतत हलवत असतात, आणि हेतू काय होता हे पाच ओळींवरून आपल्याला कळत नाही.

उलटही घडते. एनएसईवर कॅश बाजारात मोठ्या ऑर्डरीचा फक्त काही भाग दाखवता येतो, किमान १० टक्के. म्हणजे ४०,००० च्या ऑर्डरीतले ४,०००च दिसतील. एखाद्या भावाला ४,००० दिसत राहतात, तिथे १५,००० चे सौदे होऊन जातात आणि आकडा पुन्हा पुन्हा भरतो, तेव्हा मागे लपलेली ऑर्डर असण्याची शक्यता मोठी. माझ्या मते दिसणाऱ्या डोंगरापेक्षा अशी भरत राहणारी ओळ अधिक बोलकी असते.

डेप्थच्या तळाशी लिहिलेली एकूण खरेदी आणि एकूण विक्री पाहून लोक तेजी-मंदी ठरवतात, ते मात्र टाळा. त्या बेरजेत बाजारभावापासून खूप दूर लावलेल्या ऑर्डरीही असतात, आणि ट्रिगर न झालेले स्टॉपलॉस डेप्थमध्ये दिसतच नाहीत. भाव ३१२.०० खाली गेला की असे स्टॉपलॉस एकदम विक्रीला येऊ शकतात, आणि मग खरा खरेदीदारही ४०,००० घेऊन संपतो. शिवाय एनएसई आणि बीएसईची डेप्थ वेगवेगळी असते, आणि मोबाईलवर ती क्षणाक्षणाची चित्रे म्हणून येते. मधल्या हालचाली आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ९,००० आणि ८,७०० अशा फरकावर अडून बसू नका.

तुम्हाला खरेदी करायचीच असेल, तर मोठ्या ऑर्डरीच्या एक पायरी वर, ३११.९० ला लिमिट लावण्याचा मोह होतो. तसे केलेच, तर ती मोठी ऑर्डर उठून गेली तर कितीला बाहेर पडायचे ते आधी ठरवा, आणि तो भाव तिच्या आधाराशिवाय मान्य होण्याजोगा असेल तरच लिमिट लावा.